कमी पायऱ्यांची वाट प्रवाशांना दाखवा

प्रति,
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई
मा. महाव्यवस्थापक, पश्चिम रेल्वे, मुंबई

विषय : जड सामान आणि लहान मुलं घेऊन लोकल बदलणाऱ्या कुटुंबांना कमी पायऱ्यांचा मार्ग सांगणे आणि त्या मार्गाचं तिकीट सोपं करणे

महोदय,



मी गोरेगावात राहतो आणि माझं गाव सिंधुदुर्गात आहे. आमच्या आसपासच्या शेकडो घरांप्रमाणे आम्हीही मे महिन्यात आणि गणपतीत कोकणात जातो. परत येताना आमच्याबरोबर बॅगा असतात, तांदूळ, नारळ, आंब्याच्या पेट्या असतात आणि अंगाखांद्यावर मुलं असतात. गावाहून मुंबईपर्यंतचा प्रवास आरक्षित डब्यात बसून होतो. खरी कसोटी लागते ती मुंबईत आल्यावर, एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाताना. ही कसोटी बरीच सोपी करता येते आणि त्यासाठी नवा पूल बांधावा लागत नाही. जी वाट आजही आहे ती लोकांना सांगायची आणि त्या वाटेच्या आड येणारा तिकिटाचा नियम थोडा सैल करायचा, एवढंच माझं मागणं आहे.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते मांडतो. एक कुटुंब डोळ्यांसमोर घ्या. आई, वडील, चार वर्षांची मुलगी, दहा महिन्यांचं बाळ. सामानात दोन चाकांच्या बॅगा, एक खांद्यावरची पिशवी आणि एक आंब्याची पेटी. सपाट जमिनीवर हे सगळं एका दमात पुढे सरकतं. बाळ आईच्या छातीशी झोळीत, पिशवी तिच्या खांद्यावर आणि तिच्या एका हातात मुलीचा हात. वडील दोन बॅगा ओढतात आणि पेटी त्यातल्या एका बॅगेवर दोरीने बांधलेली असते. वेग कमी असेल, पण कुणाला कुणापासून वेगळं व्हावं लागत नाही.

आता याच कुटुंबासमोर पादचारी पूल आणा. पूल विजेच्या तारांच्या वरून न्यावा लागतो, त्यामुळे फलाटापासून त्याची उंची साधारण सहा-साडेसहा मीटर भरते. एक पायरी पंधरा सेंटिमीटरची धरली तर चाळीसच्या आसपास पायऱ्या चढायच्या आणि पलीकडे तेवढ्याच उतरायच्या. चाकांचा इथे उपयोग नाही, बॅग उचलावीच लागते. वडिलांच्या दोन हातांत दोन बॅगा येतात आणि पेटी खाली राहते. आईच्या एका हातात मुलगी, दुसरा हात कठड्यावर. म्हणजे दोन खेपा आल्या. पहिल्या खेपेत पेटी खाली बेवारस, दुसऱ्या खेपेत आई दोन मुलं आणि दोन बॅगा घेऊन वर एकटी. त्यात खाली एखादी लोकल आली की दोन-तीन मिनिटं जिना माणसांनी भरून वाहतो आणि खेपेला निघालेला माणूस मध्येच अडकतो. गर्दीच्या जिन्यावर उलट दिशेने, हातात ओझं घेऊन उभं राहणं किती धोक्याचं असतं ते आपल्याला सांगायला नको. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून गेली. तो पूलही दोन मार्गांमध्ये ये-जा करणाऱ्यांचाच होता.

म्हणून अशा कुटुंबाने मार्ग निवडताना किती मिनिटं लागतात हे नंतर पाहावं. सामान आणि माणसं किती वेळा एकमेकांपासून तुटतात, हे आधी मोजावं. मोबाइलवरची वेळापत्रकं मिनिटं सांगतात, पायऱ्या सांगत नाहीत. त्यामुळे सगळेच सर्वांत जवळच्या अदलाबदलीच्या स्थानकावर उतरतात, आणि मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जायचं तर ते स्थानक म्हणजे दादर.

दादरला काय होतं? कोकणातून आलेली गाडी मध्य रेल्वेच्या फलाटावर थांबते. डिसेंबर २०२३ पासून दादरचे फलाट सलग क्रमांकांचे झाले आहेत. १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे. ही सुधारणा चांगलीच झाली, कारण आधी एकाच क्रमांकाचे दोन फलाट होते आणि नवखा माणूस हमखास चुकायचा. पण क्रमांक सलग झाले तरी मधला पूल ओलांडावाच लागतो. शिवाय दादर हे मधलं स्थानक आहे. गाडी थोडाच वेळ थांबते, तेवढ्यात सगळं उतरवायचं. मग पूल. मग वीस-तीस सेकंद थांबणाऱ्या, आधीच भरून आलेल्या लोकलमध्ये दोन मुलांसह चढायचं. म्हणजे घाईच्या तीन जागा एकापाठोपाठ एक. गाडी वेळेवर असेल आणि पहाटेची वेळ असेल तर निदान गर्दी तरी नसते. ती दोन तास उशिरा आली की हेच कुटुंब सकाळी आठच्या लोंढ्यात सापडतं.

लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, हे मला मान्य आहे, आणि त्यांनी पुष्कळांची सोय झाली आहे. पण लिफ्ट प्रत्येक फलाटावर नाही, आणि जिथे आहे तिथे ती फलाटाच्या एका ठरावीक जागी असते. आपला डबा तिच्यापासून किती दूर थांबेल हे उतरण्याआधी कळत नाही. सरकता जिना बहुतेक ठिकाणी वर नेतो, उतरायला साध्याच पायऱ्या असतात. आणि एका हातात बॅग, दुसऱ्या हातात चार वर्षांचं मूल अशा अवस्थेत सरकत्या जिन्यावर पाय टाकणं मी कुणालाच सुचवणार नाही. बॅग मागे कलंडली तर ती मागच्या माणसाच्या अंगावर जाते.

आता दुसरी वाट पाहा. ही वाट आपल्या दोघांच्या मुख्यालयांशेजारूनच जाते.

हेच कुटुंब मे महिन्यात कुडाळहून कोकणकन्या एक्स्प्रेसने निघालं आहे. गाडी पहाटे सहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. तिकीट सीएसएमटीपर्यंतचंच काढलं आहे, त्यामुळे दादरला कुणी जागचं हललेलं नाही. सीएसएमटी शेवटचं स्थानक, म्हणून उतरायची घाई नाही. इतर प्रवासी उतरून जाऊ द्यावेत आणि मग शांतपणे एकेक नग खाली घ्यावा. इथे ८ ते १८ हे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट आहेत, ३ ते ७ मुख्य मार्गाच्या लोकलचे, आणि १ व २ हार्बरचे. रूळ इथे संपतात, त्यामुळे सगळे फलाट पुढच्या टोकाला एकाच पातळीवर मिळतात. एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जायला पूल लागत नाही. भुयारी मार्गाने रस्त्यापलीकडे जायचंही कारण नाही. स्थानकाच्या आतून सरळ हार्बरच्या बाजूला चालत जायचं.

चाल मात्र लांब आहे, हे आधीच सांगायला हवं. २२ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. डबा मागच्या बाजूला असेल तर आधी तेवढा फलाट पार करायचा आणि मग स्थानकाची रुंदी. पण ही सगळी वाट चाकांची आहे. पेटी बॅगेवर बांधलेली राहते आणि मुलगी आईचा हात धरून चालते. ज्यांना एवढंही जमणार नसेल त्यांना इथे हमाल मिळतात, दर आधी ठरवून घ्यावा. गाडीला उशीर झाला असेल तर सकाळी लोकलमधून उतरणाऱ्या नोकरदारांचा लोंढा आडवा येतो. तो एका लोकलपुरता असतो. खांबाच्या कडेला दोन-तीन मिनिटं थांबलं की वाट मोकळी होते.

हार्बरच्या फलाटावरून पनवेल, बेलापूर, वाशीच्या गाड्या सुटतात, तशा वडाळा, माहीम, वांद्रे, अंधेरीमार्गे गोरेगावलाही सुटतात. हा मार्ग मार्च २०१८ मध्ये अंधेरीहून पुढे गोरेगावपर्यंत वाढला. पण कोकणातून येणाऱ्या कितीतरी पश्चिम उपनगरवासीयांच्या तो अजून डोक्यातच येत नाही. त्यांच्या लेखी हार्बर म्हणजे नवी मुंबई. गोरेगाव लोकल इथूनच सुटते, म्हणून रिकामी मिळते. बसायला जागा असते आणि बॅगा पायाशी नीट लावायला वेळ असतो. ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली तरी पलीकडच्या फलाटावर चालत जायचं, एवढंच. दादरला हीच घोषणा झाली की पुन्हा जिना आला.

गोरेगाव हे या लोकलचंही शेवटचं स्थानक आहे, त्यामुळे तिथेही वीस सेकंदांत उतरायची शर्यत नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते. सकाळी गोरेगावला परतीच्या प्रवासासाठी जागा पकडणारे लोक गाडी थांबायच्या आतच दारातून आत घुसतात. अशा वेळी मुलांना घेऊन दारात उभं राहू नये. जागेवरच बसून राहावं आणि चढणारे चढले की मग उतरावं. गाडी काही मिनिटं थांबते.

वाटेत अंधेरी किंवा वांद्र्याला उतरायचं असेल तर क्रम आधी ठरवलेला हवा. एक स्थानक आधीच सगळं दाराजवळ आणावं. आधी एका मोठ्या माणसाने मोकळ्या हातांनी उतरावं, मग सामान खाली घ्यावं, शेवटी मुलं आणि त्यांच्यासोबत दुसरं मोठं माणूस. मूल एकटं आधी खाली किंवा एकटं मागे डब्यात, असं कधीच होऊ द्यायचं नाही. आणि गाडी सुटलीच तर काय करायचं तेही बोलून ठेवावं. डब्यातल्याने पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबायचं आणि खालच्याने पुढच्या गाडीने तिथे यायचं. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की चुकामूक ठरलेली.

या वाटेने दादरपेक्षा पाऊण तास ते तासभर जास्त लागतो. सीएसएमटीपर्यंतचा जादा प्रवास, लांबची चाल आणि हार्बरची लोकल प्रत्येक स्थानकावर थांबत जाते, हे सगळं त्यात येतं. त्या बदल्यात अदलाबदलीत एकही पायरी चढावी लागत नाही. उतरल्यावर घराच्या बाजूला बाहेर पडताना पूल लागला तर तो दादरमार्गे आल्यावरही लागलाच असता. ज्यांच्याकडे एकच पिशवी आहे त्यांनी खुशाल दादरला उतरावं. दोन मुलं आणि चार नग असलेल्यांनी मात्र तो तास द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मालाड, कांदिवली, बोरिवली, वसई, विरारवाल्यांसाठी याच वाटेला एक फाटा आहे. सीएसएमटीबाहेर टॅक्सी करून चर्चगेटला जायचं. अंतर दोनेक किलोमीटर आणि पहाटे रस्ते मोकळे. चर्चगेटलाही रूळ संपतात आणि रस्त्यावरून थेट फलाटावर जाता येतं. विरारची लोकल तिथूनच सुटते, म्हणजे पुन्हा रिकामी गाडी आणि पूल नाही. टॅक्सीचा खर्च वाढतो, पण बोरिवलीपर्यंतच्या टॅक्सीच्या मानाने तो अगदी किरकोळ आहे.

या वाटेच्या मर्यादाही सांगतो, म्हणजे कुणी विसंबून फसणार नाही. पहिली मर्यादा रविवारची. मेगाब्लॉक असेल त्या रविवारी साधारण सकाळी अकरापासून दुपारी चार-साडेचारपर्यंत हार्बरच्या एखाद्या टप्प्यावर गाड्या बंद असतात, आणि तो टप्पा सीएसएमटी ते वांद्रे-गोरेगाव असला तर वर सांगितलेलं सगळं निरुपयोगी ठरतं. कुठला टप्पा बंद आहे हे एक-दोन दिवस आधी जाहीर होतं, ते पाहूनच निघावं. दुसरी मर्यादा गाडीच्या शेवटच्या स्थानकाची. कामांमुळे कोकणातल्या काही गाड्या कधी कधी दादर, ठाणे किंवा पनवेललाच संपवल्या जातात. पनवेलला संपली तर तिथे एकदा पूल ओलांडावा लागतो, पण पनवेलहून सुटणारी लोकल रिकामी मिळते. तिथून थेट गोरेगावला जाणाऱ्या लोकलही आहेत, दिवसात मोजक्याच. त्यातली एखादी मिळाली तर वडाळ्याला गाडी बदलावी लागत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये वांद्रे टर्मिनस ते मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी गाडी सुरू झाली. ती बोरिवली, वसईमार्गे पनवेलला जाते. त्या दोन दिवसांत प्रवास बसवता आला तर लोकल बदलायचा प्रश्नच बराचसा मिटतो.

आता आपल्याकडे मागणं.

पहिलं मागणं माहितीचं. दादर, कुर्ला, वडाळा, अंधेरी, ठाणे आणि पनवेल या अदलाबदलीच्या स्थानकांवर प्रत्येक फलाटावर एक फलक लावा. त्यावर तीनच गोष्टी असाव्यात. इथून दुसऱ्या मार्गावर जायला लिफ्ट किंवा उतार कुठे आहे, त्यासाठी गाडीच्या कुठल्या बाजूच्या डब्यात बसावं, आणि लिफ्ट नसेल तर कमी पायऱ्यांचा दुसरा मार्ग कुठला. यातली मधली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण फलाटावर उतरल्यावर लिफ्ट दुसऱ्या टोकाला आहे हे कळून उपयोग नसतो. बारा डब्यांच्या लोकलएवढं अंतर मुलांना घेऊन उलटं चालावं लागतं. हीच माहिती कोकणातल्या गाड्यांमध्ये पनवेल सुटल्यावर घोषणेतून दिली, तर लोक दादरला उतरायचं की पुढे जायचं हे डब्यात बसूनच ठरवू शकतील. एखादी लिफ्ट बंद असेल तर तेही त्याच घोषणेत सांगावं. बंद लिफ्टची बातमी लिफ्टच्या दारात पोचल्यावर मिळणं हा सर्वांत महागडा धक्का असतो.

दुसरं मागणं तिकिटाचं. लांब पल्ल्याच्या गाडीचं तिकीट असलेल्यांना सीएसएमटीहून गोरेगावचं वेगळं तिकीट काढता येतं, तिथे नियमाची अडचण नाही. पण रोजच्या लोकल प्रवासात ती आहे. चेंबूरहून डोंबिवलीला निघालेल्या आईला कुर्ल्याला हार्बरवरून मुख्य मार्गावर जायला पूल ओलांडावा लागतो. तिने ठरवलं की आपण उलटं सीएसएमटीला जाऊ, तिथे सपाटीवरून मुख्य मार्गाच्या फलाटावर जाऊ आणि सुटणाऱ्या डोंबिवली लोकलमध्ये बसून येऊ, तर तो मार्ग तिच्या तिकिटात बसत नाही. तपासनीसाने विचारलं तर भाडं आणि वर किमान २५० रुपये भरावे लागतात. नियमामागचा हेतू मला कळतो. ऐन गर्दीत जागा पकडण्यासाठी लोक उलटे जातात आणि गाड्या सुटण्याआधीच भरतात, तेच रोखायचं आहे. म्हणून ही सवलत सर्वांना नको. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, हा नियम आहेच. तसं मूल सोबत असलेल्या प्रवाशाला, गर्दीच्या वेळा सोडून, त्याच भाड्यात टर्मिनसवरून फिरून जाता यावं. मूल समोर दिसतं, त्यामुळे तपासनीसाला वेगळा दाखला मागायची गरज पडणार नाही.

तिसरं मागणं वेळेच्या मेळाचं. कोकणातल्या गाड्या सीएसएमटीला पोचल्यावर गोरेगावची पुढची लोकल किती वाजता आणि कुठल्या फलाटावरून आहे, हे लांब पल्ल्याच्या फलाटांच्या टोकाला लावलेल्या दर्शकावर दिसावं. आज ती माहिती हार्बरच्या बाजूला पोचल्यावर मिळते. आधी कळलं, तर धावायचं की मुलाला दूध पाजून निवांत निघायचं, हे त्या आईला ठरवता येईल.

या तीनही गोष्टी आपल्या अधिकारातल्या आहेत. कुठे लिफ्ट आहे, कुठे उतार आहे, कुठला डबा कुठे थांबतो, ही सगळी माहिती आपल्या विभागांकडे आधीपासून आहे. सुरुवात दादर आणि सीएसएमटी या दोनच स्थानकांपासून करावी, आणि तीही येत्या गणपतीआधी. परतीच्या चार-पाच दिवसांत दादरच्या जिन्यांवर पेटी, पिशव्या आणि मुलं घेऊन थांबलेल्या कुटुंबांची संख्या घटली का, हे आपल्याच स्थानक व्यवस्थापकांना दिसेल. घटली, तर फलक उरलेल्या स्थानकांवरही लावावेत आणि तिकिटाच्या सवलतीचा प्रस्ताव रेल्वे बोर्डाकडे पाठवावा, ही नम्र विनंती.

कळावे,

आपला नम्र,
गोरेगावचा एक कोकणवासी प्रवासी